जनावर मेलं तर पुरण्याआधी काय करायचं?

विम्याचे दावे फेटाळले जातात त्यातले बरेच एकाच कारणाने: जनावर आधी पुरलं, डॉक्टर नंतर बोलावले. पुरलेल्या गाईचं शवविच्छेदन होत नाही आणि कानातल्या बिल्ल्याशिवाय विमा कंपनी दारात उभं करत नाही. म्हणून गोठ्यात गाय मेलेली दिसली की पहिला फोन पशुवैद्यकीय दवाखान्याला, दुसरा विमा कंपनीला आणि तिसरा ग्रामसेवकाला पंचनाम्यासाठी. तोवर बारा अंकी बिल्ला नीट वाचता येईल असे फोटो काढून ठेवा. बिल्ला आधीच पडला असेल आणि नवा मारून घेतला नसेल, तर पुढची धावपळ बहुधा वायाच जाते. पॉलिसी आणि पासबुक ही कागदं घरात असतातच.

नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल, तर मात्र जनावराला सुरी लावायची नाही. ही फाशी म्हणजे अँथ्रॅक्स या रोगाची लक्षणं आहेत. शव उघडलं की जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत अनेक वर्षं टिकतात. डॉक्टर कानाच्या रक्ताचा नमुना घेतात. शवविच्छेदन का केलं नाही, हे त्यांच्याकडून दाखल्यावर लिहून घ्या, नाहीतर कंपनी शवविच्छेदनाचा कागद पुन्हा मागते.

आता खड्डा. 'आठ फूट' सगळे सांगतात, पण तो कुठे खणायचा हे कोणी सांगत नाही. दीड एकरवाला शेतकरी सवयीने विहिरीजवळची पडीक जागा निवडतो, कारण तिथे पीक नसतं. तीच जागा टाळायची. विहीर, बोअर, ओढा यांच्यापासून निदान शंभर मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला जा. एवढी जागा नसेल तर गायरानातली जागा ग्रामपंचायतीकडे लेखी मागा.

एका गाईसाठी आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि आठ फूट खोल खड्डा पुरतो. आडवी गाय अडीच-तीन फूट जागा घेते, म्हणजे वर पाच फूट माती उरते. पावसाळ्यात सहा फुटांवरच पाझर लागला, तर तो खड्डा सोडून उंचावर दुसरा खणा. पाण्यात ठेवलेलं शव म्हणजे शेजारच्याच्या विहिरीत घाण. मुरूम संपून भेगाळ खडक लागला तरी तेच, कारण भेगांतून पाणी फार लवकर लांब जातं.

शव फरफटत नेऊ नका, बैलगाडीत किंवा ट्रॉलीत घाला. नाकातोंडात जंतुनाशकाचे बोळे ठेवा. तळाला चुना, वर चुना, मग माती. माती धुमसून दाबू नका; आतला वायू तिला उचलतो आणि भेगा पडतात. त्याऐवजी दोन फुटांचा उंचवटा ठेवून वर काटे आणि दगड टाका, म्हणजे कुत्री उकरत नाहीत. पंधरा दिवसांनी माती खचलेली दिसली की पुन्हा भर घाला. गाय मेली ती जागा आणि ट्रॉली ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी गटारात सोडू नका.