नातेवाइकांना लिहायच्या पत्रातली एक ओळ

समजा, एका बाईंना वयाच्या ४४ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. काढलेल्या गाठीची तपासणी केली तेव्हा पेशींमध्ये एमएसएच२ आणि एमएसएच६ ही दोन प्रथिने दिसलीच नाहीत. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेतली ही जोडगोळी. पहिले नसेल तर दुसरेही टिकत नाही, त्यामुळे संशय एमएसएच२च्या जनुकावर आला. रक्ततपासणीत तिथे जन्मजात बदल सापडला. याला लिंच सिंड्रोम म्हणतात. यात मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो.

बाईंची आई गर्भाशयाच्या कर्करोगाने ४९ व्या वर्षी गेली होती. वडिलांच्या रक्तात हा बदल नव्हता. तो आईकडून आला असे मानायला एवढा आधार पुरेसा होता. मग पत्र कोणाला जाणार हेही ठरले: सख्खी भावंडे, मावशी, मामा. स्वतःची मुले मोठी असतील तर त्यांनाही. आत्या-काकांना या बदलासाठी तपासणीची गरज उरली नाही.

बहुतेक ठिकाणी डॉक्टर रुग्णाच्या संमतीशिवाय नातेवाइकांना परस्पर कळवू शकत नाहीत. म्हणून हे काम रुग्णावरच येते. मावशीला लिहिलेले पत्र असे असू शकेल:

“प्रिय मावशी, माझ्या आजारामागे एमएसएच२ या जनुकातला एक बदल आहे. तो आईकडून आलेला दिसतो. तुझ्यात तो असण्याची शक्यता निम्मी आहे, नसण्याचीही निम्मीच. बदल असला म्हणजे कर्करोग होणारच असे नाही, पण वेळेवर लक्ष ठेवता येते. तपासायचे की नाही, कधी तपासायचे, हे तू ठरव. ठरवलेस तर डॉक्टरांना हे नाव दाखव: MSH2 c.942+3A>T. माझ्या रिपोर्टची प्रत सोबत आहे.”

या पत्रातली इतर वाक्ये थोडी इकडेतिकडे झाली तरी चालतील. ते नाव मात्र अक्षर न् अक्षर तसेच हवे, आणि त्याला तसेच कारण आहे.

जनुकात प्रथिनाची कृती लिहिलेले भाग असतात आणि मधूनमधून कापून टाकायचे भाग असतात. हा बदल पाचव्या कृतिभागानंतरच्या, कापून टाकायच्या भागातल्या तिसऱ्या अक्षरावर आहे: ए ऐवजी टी. एवढ्यानेच पेशीची कापाकापी चुकते आणि अख्खा पाचवा भाग गाळला जातो. अडचण अशी की नेमकी इथूनच ए या एकाच अक्षराची लांबलचक रांग सुरू होते, साधारण २६ अक्षरांची. हल्लीची वेगवान वाचनयंत्रे अशा रांगेत अडखळतात. खरा बदल आणि यंत्राची चूक यांत फरक करणे कठीण होते आणि एकाच वेळी अनेक जनुके बघणाऱ्या एखाद्या साध्या पॅनेल तपासणीतून हा बदल निसटू शकतो.

मामा पत्र घरीच ठेवून गेले आणि “घरात कर्करोग आहे, जनुके तपासा” एवढेच म्हणाले, तर? रिपोर्टवर ‘काही आढळले नाही’ असे येऊ शकेल. पण त्यांच्यात बदल नाही की यंत्राला तो दिसला नाही, हे कोणालाच सांगता येणार नाही. नाव हातात असेल तर प्रयोगशाळा त्या एकाच जागी, योग्य पद्धतीने बघते. शक्य असल्यास भाचीचा नमुना शेजारी ठेवते, म्हणजे तपासणीला तो बदल दिसतो याचीही खात्री पटते. तेव्हा आलेला नकार खरा नकार असतो. शिवाय एकच जागा बघायची म्हणून खर्चही सहसा कमी.

इथून पुढे तपासणी पायरीपायरीने उतरते, म्हणून तिला कॅस्केड टेस्टिंग म्हणतात. मामांमध्ये बदल नसेल तर त्यांच्या मुलांना या बदलाची तपासणी लागत नाही. मावशीत असेल तर तिच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, मुलग्यांनाही. ‘हा बायकांचा आजार’ असे समजून पुरुषांना पत्रच न पाठवणे ही नेहमीची गफलत आहे. पुरुषांना आतड्याच्या कर्करोगाचा धोका असतोच आणि ते बदल पुढेही देतात. लहान मुलांची तपासणी मात्र सहसा मोठेपणापर्यंत थांबवतात, कारण एमएसएच२मध्ये बदल असलेल्यांची कोलोनोस्कोपी साधारण २० ते २५ व्या वर्षी सुरू होते. ती दर एक-दोन वर्षांनी करतात आणि दिसलेले पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूच्या छोट्या गाठी, तिथल्या तिथे काढतात.

रिपोर्टवर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असेल तर हे पत्र पाठवायचे नाही. अशा बदलावरून निरोगी नातेवाइकांना ना धीर देता येतो, ना सावध करता येते. आणि मामांचा नकार खरा निघाला तरी तो या एका बदलापुरता आहे. त्यांच्या वयाला इतरांना सांगितल्या जाणाऱ्या आतड्याच्या तपासण्या त्यांनाही लागू राहतात.