‘ओके’ ही कोणत्या भाषेतली ओळ?

मुंबईत वीज, बँक किंवा तिकिटाच्या तक्रारीसाठी मदतनीस बॉट वापरणाऱ्या अनेकांची समजूत असते की आपण देवनागरीत लिहिलं म्हणजे आपण मराठी आहोत हे त्याला कळतं. ही समजूत चुकीची आहे. मराठी, हिंदी, नेपाळी आणि कोकणी या सगळ्यांची अक्षरं युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंचातल्या एकाच देवनागरी गटात येतात. ‘ळ’ दिसला तर मराठीची शक्यता वाढते खरी, पण कितीतरी मराठी वाक्यांत ‘ळ’ येतच नाही. म्हणून बॉटला लिपीपलीकडे जाऊन शब्दांतून पुरावा गोळा करावा लागतो.

या पुराव्याचं गणित मला फार आवडतं. लालबागच्या एक आजी वीजबिलाबद्दल विचारतात, ‘बिल एवढं जास्त का आलंय?’ ‘बिल’ मराठी आणि हिंदी दोन्हींत सारखंच चालतं, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. ‘एवढं’ आणि ‘आलंय’ मात्र हिंदीत जवळपास दिसत नाहीत. प्रत्येक शब्द एका भाषेत दुसरीपेक्षा किती पट जास्त आढळतो ते पाहायचं आणि त्या पटींचा गुणाकार करायचा. आजींच्या एका वाक्यातच पारडं मराठीकडे पूर्ण झुकतं.

पुढची ओळ नुसती ‘ओके’. त्यानंतर ग्राहक क्रमांक. दोन्हींत भाषेचा पुरावा शून्य. फक्त समोरची ओळ पाहून ठरवणारा बॉट इथे बावचळतो आणि एकदम इंग्रजीत उत्तर देतो. म्हणजे मागचं लक्षात ठेवायला हवं. पण किती? दहा मराठी वाक्यांचे गुणाकार साठवत गेलं तर मराठीची बाजू लाखो पटींनी जड होईल, आणि मग कुणी हिंदीत आलं तरी बॉट मराठीतच अडून बसेल.

यावरची युक्ती अशी: दर ओळीआधी माणूस भाषा बदलण्याची एक ठरावीक शक्यता धरायची. समजा, ती 5 टक्के आहे. मग आजी कितीही वेळ मराठीत बोलल्या असल्या, तरी पुढच्या ओळीसाठी मराठीची खात्री 95 टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणजे 19 विरुद्ध 1. ‘ओके’ आल्यावर हे प्रमाण तसंच राहतं. त्यापुढच्या ओळीआधी पुन्हा तीच 5 टक्क्यांची शक्यता लागू होते आणि प्रमाण सुमारे साडेनऊ विरुद्ध 1 वर येतं. ग्राहक क्रमांकाला उत्तर मराठीतच जातं, पण बॉटची पकड थोडी सैल झालेली असते.

आता त्याच क्रमांकाऐवजी आजींनी फोन भाडेकरूच्या हातात दिला आणि ओळ आली, ‘मीटर नंबर गलत है’. ‘मीटर’ आणि ‘नंबर’ तटस्थ. समजा, ‘गलत’ हिंदीत 20 पट आणि ‘है’ 100 पट जास्त आढळतो. गुणाकार 2000. त्याला साडेनऊने भागलं तरी हिंदी दोनशेहून जास्त पटींनी पुढे. पुढचं उत्तर हिंदीत. तेच ‘मीटर नंबर चेंज’ एवढंच आलं असतं तर मराठी कायम राहिली असती. वाक्यातले शब्द एकमेकांवर अवलंबून असतात, त्यामुळे हा गुणाकार खात्री जरा फुगवतो, पण कल बहुतेक वेळा बरोबर निघतो.

रोमन लिपीत काम अवघड होतं. ‘नाही’ आणि ‘नहीं’ देवनागरीत वेगळे दिसतात, रोमनमध्ये दोन्ही `nahi` होतात. स्पेलिंगही ज्याचं त्याचं. अशा वेळी शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून तेच गणित तुकड्यांवर चालवतात. अक्षरतुकड्यांवरून भाषा ओळखायची ही रीत कॅव्हनर आणि ट्रेंकल यांच्या 1994 च्या शोधनिबंधामुळे प्रसिद्ध झाली.

‘आमचा बॉट तुमची मातृभाषा ओळखतो’ अशा जाहिरातींवर मात्र विश्वास ठेवू नका. आडनाव किंवा पिन कोड यांवरून भाषा ठरवणं हा पत्रिका बघण्याचाच प्रकार आहे. धारावीच्या पिन कोडवर तमिळ, मराठी, हिंदी सगळेच राहतात. आणि माणसाने ‘मराठीत सांगा’ असं म्हटलं तर सगळं गणित बाजूला ठेवून तेच पाळायला हवं.

नव्या, मोठ्या भाषा-मॉडेलवर चालणाऱ्या बॉटमध्ये बऱ्याचदा हे वेगळं गणित नसतं. संभाषण वाचून मॉडेलच भाषा उचलतं. त्याच्यापुढे कंपनीच्या सूचना आणि नियमपुस्तिका इंग्रजीत असतील तर उत्तरही तिकडे ओढलं जातं. आजींनी कंपनीचा इंग्रजी एसएमएस चिकटवून खाली ‘हे काय आहे?’ विचारलं, तर इंग्रजी शब्दांची संख्या मराठीवर मात करते. म्हणून चिकटवलेला मजकूर वगळून माणसाच्या स्वतःच्या शब्दांवरूनच भाषा ठरवावी, आणि तयार उत्तर पाठवण्याआधी त्याचीही भाषा तपासावी. दोन्ही जुळल्या नाहीत तर उत्तर पुन्हा लिहून घ्यावं. चूक संभाषणांच्या नोंदींतही सापडते: बॉटची भाषा बदलल्यावर लगेच माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारतो.