शिकवणारा शिकतो, ऐकणाऱ्याचं काय?

कोथरूडमध्ये एका क्लासच्या जिन्यात मोठा रंगीत त्रिकोण लावलेला आहे. टोकाला लिहिलंय : व्याख्यान ऐकून 5 टक्के लक्षात राहतं. खाली वाचून 10 टक्के, पाहून इतके, चर्चेतून तितके, आणि तळाला ठसठशीत अक्षरांत : दुसऱ्याला शिकवून 90 टक्के. माझी भाची यंदा बारावीला आहे. त्या त्रिकोणाचा फोटो काढून ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, आम्ही पाच जणांनी ठरवलंय. अप्पा बळवंत चौकातून जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच आणलाय. प्रत्येकाने एकेक प्रश्न सोडवायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. नव्वद टक्के!"

मी तिला एवढंच विचारलं, की पाच जण, पाच प्रश्न, म्हणजे तू एक शिकवणार आणि चार ऐकणार. त्रिकोण खरा मानला तरी त्या चारांचे तुला पाच-पाचच टक्के मिळणार ना? ती गप्प झाली.

त्रिकोण खरा नाहीच, हे आधी सांगून टाकतो. एडगर डेल नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने 1946 साली अनुभवाच्या प्रकारांची एक शंकूसारखी आकृती काढली होती, पण तिच्यात एकही टक्केवारी नव्हती. आकडे मागाहून कोणीतरी चिकटवले, आणि ते कोणत्या प्रयोगातून आले हे शोधणाऱ्यांच्या हाती मूळ प्रयोग लागलेला नाही. सगळे आकडे पाच-दहाच्या पटीत येतात, तिथेच शंका यायला हवी होती. मोजलेली माहिती इतकी गुळगुळीत नसते. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात असं दाखवणारे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'वाले नाकाजवळच्या फटीतून बघण्याला विज्ञान म्हणतात. हा त्रिकोण तेवढा लबाड नसेल, पण विज्ञानाचा पोशाख दोघांनीही भाड्यानेच आणलेला आहे.

तरीही शिकवल्याने शिकवणाऱ्याला फायदा होतो, हे खरं आहे. प्रश्न असा, की नेमका कशाने होतो? बोलल्याने, समोर माणूस असल्याने, की आणखी कशाने?

सिंगापूरच्या संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. विद्यार्थ्यांना डॉप्लर परिणामावरचा मजकूर अभ्यासाला दिला. मग काहींनी तो टिपणं समोर ठेवून शिकवला, काहींनी टिपणांशिवाय शिकवला, काहींनी कोणालाही न शिकवता आठवेल ते नुसतं कागदावर उतरवलं, आणि एका गटाला भलतीच गणितं दिली. आठवड्याने परीक्षा घेतली. टिपणांशिवाय शिकवणारे पुढे होते, पण नुसतं आठवून लिहिणारेही त्यांच्या बरोबरीने होते. टिपणं बघून शिकवणाऱ्यांना मात्र शिकवण्याचा तसा लाभ दिसला नाही. म्हणजे जादू फळ्यात किंवा खडूत नव्हती. वही बंद करून डोक्यातून बाहेर काढण्यात होती.

आठवणं ही नुसती तपासणी नसते, तीच शिकण्याची क्रिया असते. हे दाखवणारा रोएडिगर आणि कार्पिके यांचा 2006 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीनदा, न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना 83 टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना 71. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणारे 40 वर घसरले होते आणि आठवून लिहिणारे 61 वर होते. (हे आकडे बघा, कसे ओबडधोबड आहेत!) आपल्याला आठवड्यानंतरही चांगलं आठवेल, असा विश्वास मात्र चार वेळा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. रात्री अकराला 'झालं सगळं' वाटतं आणि पेपरात हात थांबतो, त्याचं हे मोजलेलं रूप.

आता ऐकणाऱ्याकडे येऊ. विषयाचे तुकडे करून एकेकाने एकेक तुकडा आत्मसात करायचा आणि इतरांना शिकवायचा, या पद्धतीला 'जिगसॉ' म्हणतात. एलियट ॲरन्सन यांनी ती 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत आणली. तिथे वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात बसवली होती आणि भांडत होती. त्यांना एकमेकांची गरज भासावी, हा मुख्य हेतू होता. मार्क वाढवण्याचं यंत्र म्हणून ती जन्मली नाही. पुढे तिच्या ज्या तपासण्या झाल्या त्यांत एक अडचण वारंवार दिसली : मुलं आपला तुकडा छान शिकतात आणि दुसऱ्याकडून ऐकलेल्या तुकड्यात कच्ची राहतात. कारण उघड आहे. बोलणारा आठवत असतो आणि ऐकणारा मान डोलवत असतो. ऐकणं म्हणजे पुन्हा एकदा वाचणंच.

पुढच्या रविवारी मी त्यांच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये कोपऱ्यात बसून हे प्रत्यक्ष पाहिलं. प्रश्न बारावी फिजिक्सच्या पहिल्याच प्रकरणातला, परीक्षेत नेहमी येणारा : दोरीला बांधलेला गोळा उभ्या वर्तुळात फिरतोय, तर सर्वांत खालच्या बिंदूला त्याचा किमान वेग किती हवा? एका मुलाने वही हातात धरून फळ्यावर झरझर उतरवलं, T म्हणजे दोरीतला ताण, v माथ्यावरचा वेग आणि u तळाचा :

```
वर:    mg + T = mv²/r,   T = 0  →  v² = rg
ऊर्जा:  ½mu² = ½mv² + mg(2r)
खाली:  u² = rg + 4rg = 5rg
```

उत्तर बरोबर, मांडणी सुबक. चौघांनी वहीत उतरवलं. मग भाचीने विचारलं, "अरे, पण वर T शून्य का घेतला?" तो म्हणाला, "किमान वेग काढायचाय ना, म्हणून." "हो, पण दोरीत ताणच नाही, तर मग गोळा खाली का पडत नाही?" त्याने वहीत पाहिलं. वहीत ते नव्हतंच. छापील उत्तरातही फक्त 'T शून्य घेऊ' एवढंच असतं.

मला राहवलं नाही, मी उठलो. दोरी 1 मीटरची धरा आणि गोळा 1 किलोचा. वरच्या बिंदूला वर्तुळात वळत राहण्यासाठी केंद्राकडे, म्हणजे खाली, mv²/r एवढं बल लागतं. वेग सेकंदाला 4 मीटर असेल तर 16 न्यूटन लागतात. वजन 9.8 न्यूटन पुरवतं, उरलेले 6.2 दोरी ओढून देते. आता वेग 2 मीटर धरा. लागतात फक्त 4 न्यूटन, आणि वजन तर 9.8 ने ओढतंय. जास्तीचे 5.8 परत कोण घेणार? दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून दोरी सैल पडते आणि गोळा वर्तुळाच्या आत कोसळतो; खरं तर तो माथ्यापर्यंत पोचतच नाही, आधीच मार्ग सोडतो. या दोन्हींच्या मध्ये एक वेग असा, की लागणारं बल आणि वजन अगदी सारखं. दोरीला काही कामच उरत नाही, T शून्य. गोळा त्या क्षणीही पडतोयच की! फक्त वर्तुळ जितकं वाकतं तितकाच पडतोय. 1 मीटर दोरीसाठी हा वेग सेकंदाला सुमारे 3.13 मीटर, आणि खाली 5rg चं वर्गमूळ काढलं तर नेमके 7 मीटर.

हे बोलताना दोघांचे डोळे पाणावल्यासारखे झाले, ते झोपेने. कबूल करतो, मीही तीच चूक केली. मी बोलत होतो, ते ऐकत होते.

त्यामुळे त्यांनी योजना बदलली. प्रश्न वाटलेलेच राहिले, पण तीन गोष्टी वेगळ्या झाल्या. पहिली म्हणजे, शिकवण्याआधी दहा मिनिटं चौघांनी तो प्रश्न स्वतः सोडवून बघायचा, अडला तरी चालेल. कुठे अडलो हे ठाऊक असलं की शिकवणाऱ्याचं वाक्य नेमकं त्या जागी जाऊन बसतं. दुसरी, शिकवताना वही बंद. तिसरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते : बुधवारी चिठ्ठी काढायची, आणि ज्याचं नाव निघेल त्याने रविवारी *ऐकलेला* प्रश्न शिकवायचा. तोही जसाच्या तसा नाही, थोडा वळवून. आपलं नाव निघू शकतं म्हटल्यावर ऐकणाराही रविवारीच पेन्सिल सरसावून बसतो, आणि मधले तीन दिवस विसरायला मिळतात. थोडं विसरल्यावर जोर लावून आठवलेलं जास्त टिकतं.

ही पद्धत कुठे फसते? प्रकरण कोणालाच आलेलं नसेल तर. अगदी नवख्या माणसाला कोरा प्रश्न सोडवण्यापेक्षा नीट सोडवलेलं उदाहरण आधी अभ्यासणं जास्त उपयोगी पडतं, हे बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. शिवाय चुकीचं उत्तरही आत्मविश्वासाने शिकवलं जातं आणि एकाची चूक पाचांची होते. या प्रश्नातली ठरलेली चूक म्हणजे 'माथ्यावर वेग शून्य'. मग उत्तर 4rg येतं, आणि फळ्यावर तेही तितकंच देखणं दिसतं. पकडायचं कसं? दोरीऐवजी दांडी घेऊन बघायचं. दांडी ढकलूही शकते, म्हणून तिथे माथ्यावर वेग खरोखर शून्य चालतो आणि 4rg हे दांडीचं उत्तर आहे, 1 मीटरसाठी सुमारे 6.26. दोरी आणि दांडी दोघांचं उत्तर सारखंच आलं, तर कुठेतरी गफलत आहे.

बुधवारी चिठ्ठी भाचीची निघाली. वळवलेला प्रश्न होता मृत्युगोलाचा : जाळीच्या गोलात आतून मोटरसायकल फिरवणारा. जाळीही दोरीसारखीच, आतल्या बाजूलाच बल देणारी, म्हणून तिने पहिली ओळ तशीच लिहिली, T च्या जागी N. दुसरी ओळ लिहिली, तिसरी लिहिली, 5rg च्या खाली दोन रेघा मारल्या. मागून एकाने विचारलं, "अगं, पण बाइकवाला खाली आला की ॲक्सिलरेटर सोडून देतो का?"

ती फळ्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मी तोंड मिटून बसलो, हे सांगायला हवं.

"इंजिन आहे ना त्याला!" ती म्हणाली, डस्टर उचललं आणि ऊर्जेची ओळ पुसली. मग 5rg सुद्धा. फळ्यावर फक्त वरची ओळ राहिली, v² = rg.