नकाशा सारखाच, खेळ वेगळा: युरोपा युनिव्हर्सालिस ४ आणि व्हिक्टोरिया ३

ठाणे-वाशी पट्ट्यातल्या आमच्या खेळणाऱ्या मंडळींत बहुतेकांचं बालपण एज ऑफ एम्पायर्समध्ये गेलं आणि कॉलेजची वर्षं सिव्हिलायझेशनमध्ये. आता नोकऱ्या लागल्या, लॅपटॉप बरे आले, तशी नजर पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीच्या मोठ्या खेळांकडे वळली आहे. सेल लागला की हमखास एकच प्रश्न येतो. ऐरोलीतल्या एका मित्राने तो सरळच विचारला, "अरे, दोन्हीकडे नकाशाच रंगवायचा ना? मग जो स्वस्त तो घेतो!"

त्याचा समज चुकीचा असला तरी समजण्यासारखा आहे. दोन्हीकडे खरे देश आहेत, वेळ थांबवता येते, परराष्ट्र खात्याची बटणं साधारण सारखी आहेत आणि प्रत्येक शेजारी तुमच्याबद्दल काय विचार करतो याचा आकडा दिसतो. युरोपा ४ हा २०१३ चा खेळ. तो ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो आणि १८२१ पर्यंत चालतो. व्हिक्टोरिया ३ आला २०२२ मध्ये आणि त्याचा काळ १८३६ ते १९३६. त्यामुळे दुसरा म्हणजे पहिल्याचाच पुढचा भाग, असं वाटतं. तसं नाही. युरोपा ४ मध्ये टंचाई असते ती राज्यकर्त्याच्या क्षमतेची आणि शेजाऱ्यांच्या सहनशीलतेची. व्हिक्टोरियात टंचाई असते लोखंडाची, लाकडाची, कामगारांची. शेजारचा मुलूख घ्यायचा ही एकच योजना दोन्हीकडे राबवून पाहिली की हे नीट कळतं.

आधी युरोपा. समजा तुम्ही बहमनी सल्तनत निवडलीत. दक्षिणेला विजयनगर आहे. सिव्हिलायझेशनची सवय असलेला माणूस फौज जमवतो, युद्ध पुकारतो, जिंकेल तेवढं घेतो. इथे पहिली ठेच युद्ध पुकारतानाच लागते. कारण नसताना हल्ला केलात तर राज्याचं स्थैर्य दोन पायऱ्या खाली येतं. म्हणून आधी वकील पाठवून त्या मुलखावर दावा तयार करायचा. तो तयार झाला, युद्ध झालं, तुम्ही जिंकलात, आणि तहात ४० डेव्हलपमेंटचा, म्हणजे समृद्धीच्या मोजमापात ४० भरणारा मुलूख मागितलात, असं धरू.

नकाशावर रंग बदलला तरी मुलूख अजून तुमचा झालेला नसतो. तो पक्का करायला, म्हणजे कोअर करायला, दर डेव्हलपमेंटमागे साधारण १० प्रशासकीय गुण लागतात. दावा असल्यामुळे १० टक्के सूट, म्हणजे ३६० गुण. हे गुण विकत मिळत नाहीत. महिन्याला ३ ठरलेले मिळतात, त्यात सुलतानाच्या कुवतीचे ० ते ६ आणि पगारी सल्लागाराचे एक-दोन मिळवायचे. मध्यम कुवतीचा सुलतान आणि साधा सल्लागार धरला तर महिन्याला ७. म्हणजे नुसते गुण साठायलाच चार वर्षांहून जास्त काळ जातो. तोपर्यंत ४० टक्के ओव्हरएक्स्टेन्शन, म्हणजे पक्क्या न झालेल्या मुलखाचा बोजा, डोक्यावर असतं आणि नव्या प्रांतांत असंतोष खदखदत राहतो. हा आकडा १०० च्या वर गेला की बंडांची रांग लागते. शिवाय याच प्रशासकीय गुणांतून तुम्हाला नवं तंत्रज्ञानही घ्यायचं असतं. तिजोरीत सोनं भरलेलं असूनही हात बांधलेले, ही अवस्था एज ऑफ एम्पायर्सच्या खेळाडूला सुरुवातीला अजिबात पटत नाही.

याच्या जोडीला अ‍ॅग्रेसिव्ह एक्स्पान्शन असतं, आणि युरोपाची मुत्सद्देगिरी मला आवडते ती या एका आकड्यामुळे. तुम्ही घेतलेला प्रत्येक प्रांत आसपासच्या दरबारांत लक्षात ठेवला जातो. जे जवळचे आहेत, ज्यांचा धर्म किंवा संस्कृती हरलेल्या राज्याशी जुळते, त्यांच्या मनात तो जास्त खुपतो. हा राग वर्षाला साधारण २ ने उतरतो. एखाद्या राज्याच्या मनात तो ५० च्या वर गेला आणि एकूण मतही तुमच्या विरोधात असलं, की ते राज्य तुमच्याविरुद्धच्या आघाडीत सामील होऊ शकतं. आघाडीतल्या एकाशी लढणं म्हणजे सगळ्यांशी लढणं.

यावर नवखे लोक एकच उपाय करतात: आणखी फौज. अनुभवी खेळाडू तहाची तारीख पाहतो. तुम्ही किती मागितलंत त्यानुसार तह ५ ते १५ वर्षं टिकतो, आणि ज्याच्याशी तह चालू आहे तो आघाडीत येत नाही. म्हणून बहमनींनी एकदा विजयनगरकडून घ्यावं, मग लगेच दुसरा घास तिथेच न घेता वेगळ्या धर्म-संस्कृतीच्या दिशेला, म्हणजे गुजरात किंवा माळव्याकडे वळावं. राग एकाच ठिकाणी साचत नाही. लढाई कुठे करायची हे सैन्याच्या ताकदीपेक्षा या रागाच्या हिशेबावर ठरतं. तह करण्याआधीच मागणीच्या पडद्यावर कोण किती चिडेल हे दिसतं. तिथे माउस न नेता जो सही करतो, त्याचा खेळ वीसेक वर्षांत गुंडाळला जातो.

युरोपाच्या अर्थकारणावर फार थांबत नाही, कारण ते तुलनेने साधं आहे. कर, उत्पादन आणि व्यापार. व्यापाराचे प्रवाह आधीच ठरलेल्या दिशेने वाहतात आणि शेवटी इंग्लिश खाडी, जेनोआ किंवा व्हेनिस इथे जाऊन थांबतात. तुम्ही फक्त वाटेत बसून आपला वाटा काढायचा किंवा माल आपल्याकडे वळवायचा. दिशा बदलता येत नाही. हिंदुस्थानातून खेळताना याचा राग येतो, आणि तो रास्त आहे.

व्हिक्टोरियात मात्र सगळा जीव अर्थकारणातच आहे. इथे कंपनी सरकार निवडायचा मोह होतो, आपलं ठाणंही तेव्हा त्याच कारभाराखाली होतं ना. पण ब्रिटनच्या अंकित देशाला परराष्ट्र धोरणात मोकळीक नसते. पहिल्यांदा स्वीडन घ्या. लोकसंख्या आवाक्यात, लाकूड आणि लोखंड घरचं.

इथे जुन्या खेळाडूची एक सवय पहिल्याच तासात मोडते: माल साठवून ठेवता येत नाही. लोखंडाचं कोठार नसतंच. बाजारात किती माल विकायला आला आणि किती मागितला गेला यावर भाव ठरतो. लोखंडाचा मूळ भाव ४०. मागणी जास्त असेल तर फरकाला पुरवठ्याने भागायचं आणि आलेल्या उत्तराचा पाऊण भाग भावात चढवायचा. २०० चा पुरवठा आणि ३०० ची मागणी असेल तर फरक निम्मा, भाव साडेसदतीस टक्क्यांनी वाढून ५५. भाव मूळ किमतीच्या पाऊणपटीहून जास्त चढत नाही आणि तितकाच खाली पडतो, म्हणजे लोखंड १० ते ७० च्या मध्येच फिरतं.

आता तुम्ही लाकडी बांधकामावरून लोखंडी सांगाड्याच्या पद्धतीवर गेलात, आणि घाईत बांधकाम विभागही वाढवलात. मागणी झाली ४००. भाव थेट ७०. इथपर्यंत फक्त खिसा रिकामा होतो, कारण सरकारी बांधकामाला लागणारा माल सरकारच बाजारभावाने घेतं. मागणी त्याच्याही पुढे गेली आणि पुरवठा तिच्या निम्म्याहून कमी पडला, की टंचाईचं लाल चिन्ह येतं आणि ज्या-ज्या ठिकाणी लोखंड लागतं तिथलं काम मंदावतं. यात अवजारांचे कारखानेही आले. खाणीला अवजारं लागतात आणि अवजारांना लोखंड. तिजोरी आटली म्हणून कर वाढवले तर लोकांची खरेदी घटते. सगळं एकमेकांत असं अडकतं, म्हणून आधी पद्धत आणि मग खाण हा क्रम उलटा करायचा: आधी खाणी, मग पद्धत. पुरवठा ३२० वर नेऊन मग ४०० ची मागणी आणलीत तर भाव साडेसत्तेचाळीसवर राहतो.

खाणींच्या एका पातळीला साधारण ५,००० माणसं लागतात, हेही विसरू नका. शेतीवर पोट भरणारी माणसं तिथे यायला पगार बरा हवा. आणि खाणी फार बांधल्या तर भाव कोसळून मालक माणसं कमी करतात. भाव थोडा चढा असणं वाईट नाही. मालकांच्या नफ्यातूनच पुढच्या खासगी बांधकामाचा पैसा उभा राहतो. माझ्या मते मूळ भावापेक्षा पंधरा-वीस टक्के वर हा निवांत खेळायचा पट्टा आहे.

मग शेजारचा मुलूख? व्हिक्टोरियात युद्धाआधी एक राजनैतिक डाव रंगतो. मागणी जाहीर होते, दोन्ही बाजू इतर देशांना काही देऊ करून आपल्याकडे ओढतात, आणि घड्याळ चालू असतं. समोरचा घाबरला तर गोळी न झाडता तुमची मुख्य मागणी मिळते. म्हणूनच मुख्य मागणी कोणती ठेवायची याला इतकं महत्त्व. रागाऐवजी इथे बदनामीचा आकडा आहे. तो फक्त शेजारच्या दरबारात साचत नाही, साऱ्या जगाला दिसतो. १०० पार झाली की महासत्ता तुमचे पंख छाटायला स्वतःच डाव टाकू शकतात.

खरा फटका मात्र वेगळीकडून बसतो. समजा बंदुकांचा दारूगोळा तुम्ही एका शेजाऱ्याकडून आयात करता आणि त्याच्याशीच भांडण काढलंत. युद्ध सुरू झालं की त्याचा माल बंद, आणि तुमच्या फौजेला लागणारा दारूगोळा बाजारातूनच येत असल्यामुळे आघाडीवर पोचण्याआधीच सैन्य कमकुवत. युरोपा ४ मध्ये तुम्ही सेना हाताने हलवून वाईट परिस्थितीतूनही बाहेर पडू शकता. इथे तुम्ही सेनापतीला फक्त आघाडी नेमून देता, त्यामुळे चलाख हालचालींनी बाजाराची चूक झाकता येत नाही. युद्ध पुकारण्याआधी आयातीची यादी उघडून पाहायची सवय लावा. कोणाला मित्र ठेवायचं हेही त्या यादीवरूनच ठरवता येतं.

म्हणून ऐरोलीकर मित्राला आम्ही सांगितलं: तुला सिव्हिलायझेशनमध्ये शेजाऱ्यांना खेळवायला आवडायचं तर युरोपा ४ घे, आणि शहरं-कारखाने उभारण्यात वेळ जायचा तर व्हिक्टोरिया ३. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपा ५ आला आहे. तो १३३७ पासून सुरू होतो आणि लोकसंख्या, बाजार हे व्हिक्टोरियाच्या वळणाचे भाग युरोपाच्या राजकारणात आणतो. दोन्ही हवं असेल तर तो घ्यायला हरकत नाही, पण जुन्या लॅपटॉपवर तो चालेल याची खात्री करूनच पैसे भरा, आणि तहातला रागाचा हिशेब किंवा लोखंडाचा भाव, यातला एक तरी आधी हाताळलेला असू द्या.