नफा नंतर, आधी येणी

"बिझनेस प्लॅनमध्ये नफा चांगला दिसतोय, मग पैसे गुंतवायला हरकत काय?"

हरकत उधारीची. समजा, भोसरीतला एक कारखाना वर्षाची विक्री ३ कोटी दाखवतो, पैसे ४५ दिवसांत येतात म्हणतो आणि ताळेबंदात येणी १ कोटी आहेत. येण्यांत जीएसटीही असतो, म्हणून विक्रीत १८ टक्के मिळवा: ३.५४ कोटी. त्यातले ४५ दिवसांचे जेमतेम ४४ लाख. मग उरलेले ५६ लाख कुठे अडकलेत? बिलांच्या तारखांनुसार येण्यांची यादी मागा. विक्री मार्चमध्येच फुगली असेल (हे नेहमीचंच), तर GSTR-3B ही जीएसटीची विवरणपत्रं महिनावार लावून पाहा आणि एप्रिलमधल्या क्रेडिट नोटाही. माल परत आला असेल तर तिथे दिसतो. नफ्याचं पान त्यानंतर उघडा.