‘आवृत्ती’ या एका शब्दाचे दोन अर्थ आणि पुस्तकामागचा तेरा आकडी क्रमांक

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी आपल्या भागातल्या गावांच्या आणि शिवारांच्या नावांवर पुस्तक लिहिलं. २०१२ साली ते पहिल्यांदा निघालं तेव्हा १४४ पानं होती आणि किंमत १२० रुपये. पाचशे प्रती काढल्या, त्यातल्या बऱ्याचशा गावोगावच्या साहित्य संमेलनांतल्या पुस्तकांच्या टेबलावरून हातोहात गेल्या. पुढच्या सात वर्षांत गुरुजी आणखी गावं हिंडले. २०१९ मध्ये निघालेल्या पुस्तकात २३२ पानं होती, जुन्या प्रकरणांतल्या चुका दुरुस्त झाल्या होत्या, शेवटी शब्दसूची आली होती. किंमत २२० रुपये. मागच्या पानावर ‘दुसरी आवृत्ती’ असं छापलं आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तक ओळखायचा तेरा आकडी क्रमांक, मात्र पहिल्याच पुस्तकाचा ठेवला.

या पुस्तकाच्या वितरणात मी हात लावला होता, म्हणून पुढचं सगळं जवळून पाहिलं. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने नवं पुस्तक वाचून पाच प्रतींची मागणी पाठवली. मागणीत पुस्तकाचं नाव होतं आणि क्रमांक होता. वितरकाकडे त्याच क्रमांकाच्या जुन्या प्रती कपाटात पडून होत्या, त्याने त्याच बांधून दिल्या. ग्रंथपालबाईंनी गठ्ठा सोडला तर हातात १४४ पानांचं पुस्तक. गठ्ठा परत आला, वाहतुकीचा खर्च गुरुजींच्या अंगावर पडला. वितरकाचं यात काहीच चुकलं नव्हतं. क्रमांकाने जे मागितलं तेच त्याने दिलं होतं.

हा क्रमांक कशासाठी जन्माला आला हे पाहिलं की असं का घडलं ते समजतं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या डब्ल्यू. एच. स्मिथ या मोठ्या पुस्तकविक्रेत्या कंपनीला आपलं गोदाम संगणकावर न्यायचं होतं. गोदामातल्या माणसाला लेखकाचं नाव आणि मुखपृष्ठाचा रंग सांगितला तरी तो बरोबर पुस्तक काढून देतो. यंत्राला ते जमत नाही, त्याला प्रत्येक वस्तूसाठी एकच एक आकडा लागतो. हे काम कंपनीने गॉर्डन फॉस्टर या संख्याशास्त्रज्ञाकडे सोपवलं. त्यांनी नऊ आकडी पद्धत आखली आणि १९६७ पासून ब्रिटनमध्ये ती वापरात आली. १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने पुढे एक आकडा जोडून ती दहा आकडी केली आणि जगासाठी मान्य केली. तोच आयएसबीएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणित ग्रंथ क्रमांक.

म्हणजे मुळात हा क्रमांक गोदामातल्या कप्प्याचा पत्ता आहे. लेखकाच्या कृतीला तो दिलेला नाही, विकायला ठेवलेल्या ठरावीक वस्तूला दिलेला आहे. आयएसबीएन मिळाला म्हणजे पुस्तकाला सरकारी मान्यता मिळाली किंवा कॉपीराइट पक्का झाला, असं आपल्याकडे पुष्कळ लोक समजतात. या दोन्ही गोष्टींशी त्याचा संबंध नाही. लेखकाचा हक्क पुस्तक लिहिलं तेव्हाच निर्माण होतो.

भारतात हे क्रमांक दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते. ती केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली आहे, १९८५ पासून काम करते, आणि क्रमांकासाठी पैसे घेत नाही. आता अर्ज isbn.gov.in या संकेतस्थळावर करायचा असतो. भारताच्या वाट्याला 81 आणि 93 हे दोन गट आले आहेत. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन यांचे गट भाषेवरून पडले, आपले देशावरून. त्यामुळे बेळगावात निघालेलं मराठी पुस्तक, धारवाडचं कन्नड पुस्तक आणि पुण्याचं मराठी पुस्तक याच दोन गटांत बसतात. ‘आमचं पुस्तक मराठी, पण आम्ही कर्नाटकात, मग अर्ज बंगळूरला करायचा की मुंबईला?’ हा प्रश्न मला सीमाभागात अनेकदा विचारला गेला आहे. दोन्हीकडे नाही, थेट दिल्लीला.

आपल्या भागाला या क्रमांकाचा एक खास उपयोगही आहे. पुस्तकाच्या नावात ‘बेळगाव’ असेल तर संगणकात ते रोमन लिपीत चढवताना कोणी Belgaum लिहितो, कोणी Belgav, आणि १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बदलल्यापासून कोणी Belagavi. एकच पुस्तक तीन नावांनी नोंदलं जातं आणि शोधणाऱ्याला ‘उपलब्ध नाही’ असं उत्तर मिळतं. क्रमांक टाकला तर या गोंधळाशी संबंधच येत नाही.

आता क्रमांक उलगडून पाहू. गुरुजींचा खरा क्रमांक इथे देत नाही, मांडणीपुरता हा घ्या:

```
978-81-912345-3-4
```

पहिले तीन आकडे पुस्तक ही वस्तू सांगतात. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन तेरा आकडी झाला तो याच कारणाने: दुकानात साबणाच्या वडीवर जो तेरा आकडी बारकोड असतो, त्याच कुळात पुस्तकाला बसवलं. पुढचा 81 भारताचा. 912345 हा प्रकाशकाचा. त्यानंतरचा एकटा 3 म्हणजे त्या प्रकाशकाचं हे विशिष्ट पुस्तक. प्रकाशकाला सहा आकडे गेले की पुस्तकासाठी एकच आकडा उरतो, ० ते ९. म्हणजे लहान प्रकाशकाच्या हातात दहाच क्रमांक येतात, ते संपले की नवा संच मागायचा. मोठ्या प्रकाशकाचा आकडा आखूड असतो, म्हणून पुस्तकांसाठी त्याला जास्त जागा मिळते.

शेवटचा 4 हा ताळ्याचा आकडा. आधीच्या बारा आकड्यांपैकी पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे तसेच घ्यायचे आणि दुसरा, चौथा, सहावा यांना तिनाने गुणायचं. वरच्या क्रमांकाची बेरीज १२६ येते. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे १३० ला, चार कमी पडतात, म्हणून शेवटी 4. जुन्या दहा आकडी क्रमांकाचा हिशेब अकराच्या पटीत होता. त्यात कधी कधी ताळा दहा येई आणि तो एका अक्षरात बसवायला रोमन X लिहीत. हेच पुस्तक त्या पद्धतीत असं दिसलं असतं:

```
81-912345-3-X
```

जुन्या पुस्तकावर X दिसला तर ती छपाईची चूक समजू नये. खरं तर जुना हिशेब जास्त कडक होता. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर तो दर वेळी पकडायचा. नव्या पद्धतीत त्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असेल, जसं 2 आणि 7, तर चूक निसटते.

गठ्ठा परत आल्यावर गुरुजींच्या पुतण्याने स्वतःच तोडगा काढला. तो छापखान्यातच काम करतो. त्याने पुस्तकाचा 3 काढून 4 केला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं:

```
978-81-912345-4-4
```

‘काका, पुढचा नंबर आपलाच की,’ असं त्याचं म्हणणं. ग्रंथालयाच्या संगणकाने हा क्रमांक लगेच नाकारला. 4 ला तिनाने गुणून बेरीज १२९ होते, म्हणजे ताळा 1 यायला हवा होता. पण ताळा बरोबर काढला असता तरी काम चुकीचंच होतं. 4 हा क्रमांक गुरुजींच्या दुसऱ्या पुस्तकाला, त्यांच्या ओवीसंग्रहाला, आधीच दिलेला होता. एकदा दिलेला क्रमांक पुस्तक संपलं, बंद पडलं तरी दुसऱ्याला देता येत नाही, कारण तो कुठल्या तरी ग्रंथालयाच्या नोंदीत कायमचा बसलेला असतो.

या सगळ्या घोळाच्या मुळाशी मला आपला ‘आवृत्ती’ हा शब्द दिसतो. मराठी प्रकाशनात आपण दोन वेगळ्या गोष्टींना तो वापरतो. प्रती संपल्या आणि त्याच मजकुराच्या आणखी पाचशे काढल्या तरी ‘दुसरी आवृत्ती’ आणि पुस्तक निम्मं नव्याने लिहिलं तरी ‘दुसरी आवृत्ती’. आयएसबीएनच्या नियमात यांतलं पहिलं काम पुनर्मुद्रण आहे. क्रमांक तोच राहतो, किंमत वाढली तरी, चार शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या तरी. दुसऱ्या कामाला नवा क्रमांक लागतो. गुरुजींनी ‘दुसरी आवृत्ती’ हे खरंच लिहिलं होतं, फक्त छापखान्याने त्याचा पहिला अर्थ घेतला. ‘पुनर्मुद्रण’ आणि ‘सुधारित वाढीव आवृत्ती’ हे शब्द आपल्याकडे आहेत, ते नेमके वापरले तर वाद राहत नाही.

क्रमांक बदलायचा की नाही हे मी एका प्रश्नावर ठरवतो: एक मागितलं आणि दुसरं आलं तर वाचक परत करेल का? साध्या बांधणीचं मागितलं आणि पुठ्ठा बांधणीचं जास्त किमतीचं आलं तर करेल, म्हणून दोघांना वेगळे क्रमांक. छापील, ईपब आणि पीडीएफ एकमेकांच्या जागी चालत नाहीत, म्हणून विकायच्या प्रत्येक स्वरूपाला वेगळा. कन्नड अनुवादाला वेगळा. नाव बदललं किंवा पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलं तरी नवा. दोन खंडांच्या संचात प्रत्येक खंडाला एक, आणि संच एकत्र विकायचा असेल तर संचालाही एक.

क्रमांक घ्यायचा कोणी? जो पुस्तक काढतो, पैसे घालतो, विकतो त्याने. छापखान्याने नाही. सीमाभागात पुष्कळ लेखक स्वतःच प्रकाशक असतात आणि ‘नंबरासकट छापून देतो’ म्हणणारा मुद्रक आपल्या संचातला एक क्रमांक देऊन टाकतो. मग देशाच्या नोंदीत प्रकाशक म्हणून मुद्रकाचं नाव लागतं आणि मागणी त्याच्याकडे जाते. लेखकाला स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो, तो त्याने करावाच. प्राध्यापकांची निकड वेगळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी पुस्तकाच्या गुणांशी आयएसबीएनची सांगड घातली, तेव्हापासून त्यांची धावपळ वाढली. दिवाळी अंकाला आयएसबीएन नाही, दर वर्षी निघणाऱ्या नियतकालिकांसाठी आयएसएसएन हा वेगळा क्रमांक आहे. लग्नातली स्मरणिका, संस्थेचा अहवाल, दिनदर्शिका यांना काहीच लागत नाही.

गुरुजींनी शेवटी स्वतःच्या नावाने अर्ज केला आणि सुधारित आवृत्तीसाठी नवा क्रमांक घेतला. उरलेल्या तीनशे वीस प्रतींच्या मागच्या कव्हरावर आणि आतल्या पानावर आम्ही दोन संध्याकाळी बसून नव्या क्रमांकाच्या चिकटपट्ट्या लावल्या. वितरकाला पत्र लिहून जुन्या क्रमांकाखाली फक्त २०१२ च्या प्रती ठेवायला सांगितलं. कोल्हापूरच्या ग्रंथपालबाईंना नव्या क्रमांकाने पुन्हा मागणी पाठवायची विनंती केली. या खेपेला २३२ पानांच्या पाच प्रती गेल्या.