पाच शेजारी आणि चार रंग

कागदावरचा कोणताही नकाशा चार रंगांत रंगवता येतो आणि शेजारच्या दोन प्रदेशांना एकच रंग येत नाही. हे सांगितलं की कोणीतरी लगेच हात वर करतं: "सर, सोपंय! पाच प्रदेश सगळेच्या सगळे एकमेकांना लागून असू शकत नाहीत, म्हणून पाचवा रंग लागत नाही." यातला पहिला भाग बरोबर आहे. गडबड त्या 'म्हणून'मध्ये आहे. हा घोटाळा फक्त शाळेत होतो असं नाही. 1852 मध्ये चार रंगांचा प्रश्न पहिल्यांदा हातात आला, तेव्हा खुद्द गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गनसुद्धा याच वाटेने विचार करत होता.

आधी पहिला भाग बघू. 1840 च्या सुमारास जर्मन गणितज्ञ मोबियस आपल्या विद्यार्थ्यांना एक कोडं घालायचा. हिंदुस्थानातल्या एका राजाला पाच मुलगे होते. राज्याच्या अशा पाच वाटण्या करायच्या की प्रत्येकाची सीमा बाकीच्या चौघांना लागेल. नुसत्या एका बिंदूत टेकलेलं चालणार नाही, आणि प्रत्येकाची जमीन सलग हवी.

प्रत्येक राजपुत्रासाठी एक बिंदू काढा. दोघांची सीमा लागत असेल तर बिंदू रेषेने जोडा. झाला ग्राफ. रेषा सीमेवरूनच पलीकडे नेली की रेषा एकमेकींना छेदत नाहीत. आता रेषा किती? हे हस्तांदोलनाचं गणित आहे. पाच जणांनी प्रत्येकी चौघांशी हात मिळवले तर 5 × 4 = 20, पण प्रत्येक हस्तांदोलन दोन्हीकडून मोजलं गेलं, म्हणून 10.

न छेदणाऱ्या, एकसंध आकृतीसाठी ऑयलरचं सूत्र आहे: बिंदू − रेषा + भाग = 2, बाहेरची मोकळी जागाही एक भाग धरून. इथे 5 − 10 + भाग = 2, म्हणजे भाग 7. प्रत्येक भागाला निदान तीन रेषांचं कुंपण लागतं, म्हणजे किमान 21 कुंपणं. पण प्रत्येक रेषा दोन बाजूंनीच कुंपण होते, तेव्हा 10 रेषांची कुंपणं 20. एक कमी पडलं. वाटणी अशक्य!

आता दुसरा भाग, रंगांचा. अमेरिकेचा नकाशा उघडा आणि नेवाडा शोधा. त्याच्याभोवती पाच राज्यांचं कडं आहे: ओरेगन, आयडाहो, युटा, ॲरिझोना, कॅलिफोर्निया, आणि कॅलिफोर्निया पुन्हा ओरेगनला लागतं. या सहांपैकी कोणतीही चार राज्यं घ्या, ती सगळी एकमेकांना लागून नाहीत. मग वरच्या युक्तिवादाने तीन रंग पुरायला हवेत. रंगवून बघू. नेवाडा लाल, मग कड्यासाठी उरले दोनच रंग. ओरेगन हिरवा, आयडाहो पिवळा, युटा हिरवा, ॲरिझोना पिवळा. कॅलिफोर्नियाच्या एका बाजूला पिवळा, दुसऱ्या बाजूला हिरवा, आणि मध्ये लाल. चौथा रंग लागलाच. कड्यात राज्यं सहा असती तर तीन रंगांत भागलं असतं. पाच विषम आहेत, तिथे सगळं अडलं.

म्हणजे 'किती जण सगळे एकमेकांचे शेजारी' हा एक प्रश्न आणि 'किती रंग लागतात' हा दुसरा. चार जण सगळे एकमेकांचे शेजारी असले तर चार रंग नक्की लागतात. उलट दिशेने काहीच म्हणता येत नाही. म्हणूनच राजपुत्रांचं कोडं एका परिच्छेदात सुटलं आणि रंगांचं मात्र रखडलं: केंपने 1879 मध्ये दिलेल्या सिद्धतेतली चूक हेवुडने 1890 मध्ये दाखवली, आणि अखेर 1976 मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी संगणकाची मदत घेऊन ते सोडवलं.

तेच पाचाचं कडं मैत्रीच्या कोड्यातही भेटतं. सहा मुलांत तिघं तरी एकमेकांचे मित्र किंवा तिघं तरी एकमेकांना अनोळखी सापडतातच. पाच मुलांत मात्र सुटका आहे: गोलात बसवा, फक्त शेजारचे दोघे मित्र. अनोळखींच्या जोड्या काढून बघा, त्यांचंही पाचाचंच कडं बनतं; त्रिकूट कुठेच नाही. आता मित्र एका गटात येणार नाहीत असे गट पाडा; इथे गट म्हणजेच रंग. तीन मित्रांचं त्रिकूट नसूनही गट तीन लागतात.

आणि मैत्रीला नकाशासारखी कागदाची अट नाही. रेषा खुशाल छेदू देत. त्यामुळे दोन प्रश्नांमधलं अंतर हवं तेवढं वाढतं. एकही त्रिकूट नसताना चार गट लागतील अशी मैत्री 11 मुलांत जमवता येते, त्याहून कमी मुलांत नाही. पाच गट, पन्नास गट लागतील अशीही, तेही त्रिकुटाशिवाय, जमते. ती रचायची रीत मिचेल्स्कीने 1955 मध्ये दिली. 11 मुलांची जुळणी पाचाच्या कड्यापासूनच सुरू होते. पुढच्या वेळी फळ्यावर तीच काढू.